अपूर्ण केवायसीमुळे वॉलेटमध्ये अडकलेल्या रकमेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वॉलेट सेवा विभाग

विषय : वॉलेटमधील शिल्लक पाठवता वा बँकेत काढता न येण्याबाबत

महोदय/महोदया,

मी हे वॉलेट फक्त मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देऊन उघडले. त्यानंतर ३ वेळा त्यात पैसे भरले, तिन्ही वेळा माझ्याच बँक खात्यातून. तेव्हा ॲपने काहीच अडवले नाही. शिल्लक बँकेत परत घ्यायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा कळले की केवायसी अपूर्ण असल्याने पैसे पाठवणे आणि काढणे दोन्ही बंद आहे. दुकानदाराला पैसे देणे मात्र चालू आहे.

नियमामागचे कारण मला मान्य आहे. ओळख न पटलेल्या खात्यातून दुसऱ्या माणसाकडे किंवा बँकेत पैसे गेले, तर ते मुळात कोणाचे, हे नंतर शोधता येत नाही. दुकानात खर्च झालेल्या पैशाची निदान नोंद असलेल्या दुकानदारापर्यंत वाट दिसते. पण मग हे पैसे भरून घेण्याआधी सांगायला हवे होते. आत येताना दार उघडे आणि बाहेर पडताना कुलूप, हे ग्राहकाला भरणा करण्याच्या पानावरच दिसले पाहिजे.

केवायसी मी टाळलेली नाही. ओळखपत्राचा फोटो आणि सेल्फी दिली. ११ दिवस ‘प्रलंबित’ दिसले, मग ‘नाकारले’. कारण दिले नाही. पुन्हा तेच केले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेनंतर अपलोडचे बटणच गेले. कस्टमर केअरचे उत्तर एकच, ‘स्पष्ट फोटो टाका’. फोटो स्पष्टच होता. शेवटी मीच दोन्हीकडची माहिती शेजारी ठेवून पाहिली. ओळखपत्रावर आधी आडनाव आणि मग वडिलांच्या नावासह माझे पूर्ण नाव आहे, वॉलेटमध्ये फक्त नाव आणि आडनाव. जुळणी बहुधा इथेच फसत असावी. आणि वॉलेटमधले नाव बदलायचे, तर केवायसी पूर्ण हवी! म्हणजे मी कितीही फोटो काढले तरी या फेऱ्यातून सुटका नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. माझा अर्ज यंत्राऐवजी माणसाने तपासावा, नाव दुरुस्त करू द्यावे आणि नाकारण्याचे नेमके कारण लेखी कळवावे. ते जमत नसेल, तर वॉलेट बंद करून रक्कम ज्या बँक खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. त्यात पैशाला नवी वाट मिळत नाही. आला त्याच मार्गाने तो परत जातो, आणि ते खाते बँकेने आधीच पडताळलेले आहे. त्यामुळे गैरवापराची जी भीती आहे, ती इथे लागू होत नाही.

तिन्ही भरण्यांच्या बँक नोंदी, ओळखपत्राची प्रत आणि नाकारल्याच्या संदेशांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. तक्रारीचा नोंदणी क्रमांक आणि निर्णयाची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
एक वॉलेटधारक