बाबा, ती उंच गाडी का सोडली ते सांगते

प्रिय आई, बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत की एवढी दणकट उंच गाडी सोडून तुम्ही ही छोटी कशाला बुक केलीत, आणि निखिल मायलेजचं काहीतरी बोलून मोकळा झाला. मायलेजचा काही संबंध नाही. खरं कारण लांबलचक आहे, फोनवर अर्ध्यात तुमची सिरीयल लागली असती, म्हणून लिहून पाठवते. आईला वाचून दाखवा, तिचं पण यात काम आहे.

घरातून निघताना आमचं ठरलेलं होतं, निखिलला उंच गाडी आणि सनरूफ पाहिजे, मला ऑटोमॅटिक, आणि ऑनरोड १० लाखांच्या वर जायचं नाही. आता तुम्हाला माहितीच आहे, तो सहा फूट आणि मी पाच फुटालाही एक इंच कमी. लग्नाच्या फोटोत सगळे हसले त्यावर, पण गाडी दोघांनी चालवायची म्हटल्यावर ही गोष्ट एवढी मोठी होईल हे शोरूममध्ये जाऊन बसेपर्यंत डोक्यात आलंच नव्हतं.

पहिलं शोरूम म्हणजे तुमच्या आवडत्या गाडीचं. निखिल आत बसला आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मी म्हटलं झालं, आता हीच. मग मी बसले. सीट पूर्ण वर घेतली, तरी समोर बॉनेटच बॉनेट. सेल्समन म्हणाला मॅडम सवय होते. निखिलने मग एक चांगलं काम केलं, आमची पाण्याची एक लिटरची बाटली बॉनेटच्या समोर जमिनीवर उभी केली आणि म्हणाला दिसली की सांग. तो ती घेऊन मागे मागे सरकत गेला, मी आत बसून नाही, नाही, नाही करतेय, आणि तिचं झाकण दिसेपर्यंत तो शोरूमच्या काचेच्या दाराजवळ पोचला होता. नंतर आम्ही जागा बदलल्या, त्याला ती कितीतरी आधी दिसली. म्हणजे गाडी तीच, पण आमच्या वाड्यावरच्या गल्लीत, जिथे पोरं घराच्या पायरीवरून थेट रस्त्यावर उतरतात, तिथे त्याला दिसलेलं पोर मला दिसणार नाही. सेल्समन लगेच म्हणाला वरच्या व्हेरियंटला ३६० कॅमेरा येतो. येत असेल, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी आणि तांबडी माती असणार, आणि त्याच्यासाठी लाखभर जास्त मोजायचे हे मला पटेना.

अजून एक. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूला जो खांब असतो ना, ज्याला ते ए-पिलर म्हणतात, तो हल्ली जाड करतात, गाडी उलटली तर छप्पर टिकावं म्हणून, आणि पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग पण तिथूनच जाते. ते चांगलंच आहे. पण माझ्यासारखी बुटकी बाई पेडलपर्यंत पोचायला सीट पुढे ओढते, मग तो खांब डोळ्याच्या जास्त जवळ येतो आणि जास्त जागा झाकतो. सर्कलवर आपल्याकडे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं आणि उजवीकडचाच खांब ड्रायव्हरला सगळ्यात जवळ. मी निखिलला पार्किंगमध्ये गाडीच्या भोवती अर्धगोल चालायला लावलं, आणि एका जागी तो सहा फुटी माणूस अख्खा गायब. मग पर्वरीच्या सर्कलला एखादा मोटरसायकलवाला पायलट मागे गिऱ्हाईक बसवून आला तर तो काय दिसणार. ज्या गाडीत आरसा खांबाला न चिकटवता दारावर बसवलेला असतो तिथे खांब आणि आरसा यांच्यामधून एक फट उरते, तेवढ्यातून पण बराच फरक पडतो, हे आम्हाला तिसऱ्या शोरूमला कळलं.

दुसऱ्या शोरूममध्ये हॅचबॅक बघितली, बुटकी, गोड दिसायला, बॉनेट उतरतं, बाटली लगेच दिसली. मी खूश. पण ती मॅन्युअल होती आणि आम्हाला परवडणाऱ्या व्हेरियंटला सीट वर खाली होत नाही, स्टिअरिंग फक्त वर खाली होतं, जवळ लांब होत नाही. क्लच पूर्ण दाबायला मला एवढं पुढे सरकावं लागलं की स्टिअरिंग छातीला लागायचं बाकी. निखिलने मोजपट्टी काढून मोजलं (हो, तो पट्टी घेऊन फिरतो, लग्नाआधी कुणी सांगितलं नाही मला). स्टिअरिंगच्या मधल्या भागापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर पाहिजेत, कारण एअरबॅग त्याच जागेतून प्रचंड वेगाने बाहेर येते आणि ती फुगायच्या आधी माणूस तिला भिडला तर तीच इजा करते. माझे १८ भरले.

सेल्समनने काय सुचवलं असेल? उशी घ्या मॅडम. आई, आता तू ऐक. तू बाबांच्या जुन्या गाडीत ड्रायव्हिंग शिकताना खाली ती शेंदरी उशी ठेवायचीस ना, मला आठवतंय. ती ठेवायची नसते. सीटबेल्टच्या पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर बसायला पाहिजे, सैल उशीवर बसलं की धक्क्यात उशी दबते किंवा सटकते, माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा हाडावरून सुटून पोटात रुततो. पोटात मऊ सगळं. तेव्हा ती उशी आता देवघरात नाहीतर झोपाळ्यावर.

त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला सीट वर होत होती पण त्याला सनरूफ होतं, आणि सनरूफची चौकट छपराच्या आतून जागा खाते. निखिलचं डोकं वर टेकलं. त्याने सीट मागे पाडून बघितली, मान वाकडी करून बघितली, मग स्वतःच म्हणाला राहू दे, वर्षातले चार महिने पाऊस, चार महिने ऊन, उघडणार कधी ते. मला त्या क्षणी तो फार आवडला, हे त्याला सांगू नका.

संध्याकाळी चहा पिताना बोलता बोलता आमचंच आम्हाला कळलं की आता कुणी रंग, स्क्रीन, सनरूफचा विषय काढतच नाहीये, दोघं एकच विचारतोय, तुला दिसतं का, तुझा पाय पोचतो का, तुझं डोकं लागतं का. त्याला मी त्याच्या गाडीत डाव्या बाजूला बसलेली नको होती आणि मला त्याने माझ्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसायला नको होतं. आई, तू शिकलीस, लायसन्स काढलंस, आणि तरी इतकी वर्षं डावीकडेच बसलीस. मला नेहमी वाटायचं तुला भीती वाटते. आता वाटतं तुला बहुतेक पुढचं दिसतच नव्हतं.

तिसऱ्या शोरूमला गेलो तेव्हा आम्ही तयारीत होतो. टेस्ट ड्राइव्हची गाडी नेहमी टॉप व्हेरियंटची असते, तिच्यात बसून खूश व्हायचं आणि घरी मधलं व्हेरियंट यायचं, असं होतं. म्हणून मी आधीच सांगितलं, आम्ही जे घेणार तेच व्हेरियंट दाखवा. कुरकुर करत यार्डात नेलं, सीटवर प्लास्टिक तसंच होतं. या मधल्या व्हेरियंटला सीटची उंची बदलते, स्टिअरिंग वर खाली आणि जवळ लांब दोन्ही होतं, पट्ट्याचा वरचा हूकही वर खाली सरकतो त्यामुळे पट्टा माझ्या गळ्याला न घासता खांद्यावर बसतो. ऑटोमॅटिक असल्यामुळे क्लच नाही, मग मी सीट मागे ठेवू शकते. आधी सीट वर, मग मागे पुढे, मग पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, या क्रमाने बसले आणि निखिलने पट्टी लावली तर २७. मग तो बसला, सीट खाली आणि मागे, डोक्यावर चार बोटं जागा. बाटली, अर्धगोल, सगळं परत केलं, तिथला वॉचमन आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता.

ही ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी आहे, बाबा, म्हणजे आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअर मशीन बदलतं. स्वस्त पडते म्हणून आपल्याला परवडते. तिचा दोष चढावर कळतो, ब्रेकवरून पाय काढला की गाडी क्षणभर मागे येते, आणि पहिल्याचा दुसरा गिअर पडताना एक हिसका बसतो. सेल्समन आम्हाला हायवेवर न्यायला निघाला, मी म्हटलं अल्तिन्होचा चढ. वर जाताना मुद्दाम मध्येच थांबवली. हिल होल्ड असल्यामुळे दोनेक सेकंद ती धरून ठेवते, तेवढ्यात ॲक्सिलरेटर दिला की निघते. हिसका बसतोच, त्याला पाय जरा हलका करायचा. चोर्ला घाटात हिच्यातून बेळगावला जाताना ओव्हरटेकचा विचार मी करणार नाही हे खरं, डिकी पण लहान आहे, तुमची मोठी बॅग आणि आईचे डबे एकदम मावणार नाहीत.

पैशाचं थोडक्यात. ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल असल्यामुळे हिला २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा १८ टक्के जीएसटी लागला, त्यामुळे बजेटमध्ये बसली. इन्शुरन्स शोरूमचाच घ्या म्हणून मागे लागले होते, तसं बंधन नसतं, बाहेरून घेतला. इंजिन प्रोटेक्ट मात्र जोडून घेतलंय, कारण साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारली की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा देत नाहीत.

डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात आहे, तुम्ही दोघं या. पैसे पूर्ण भरायच्या आधी टायर बघायचेत, कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचवा स्पेअर पण धरून. जुने निघाले तर तुम्हीच बोला त्यांच्याशी, मला आवाज चढवता येत नाही. चष्मा जवळचा आणा, फार बारीक असतं ते. आणि आई, चपला घट्ट बसणाऱ्या घालून ये, देवळापासून घरापर्यंत तू चालवणार आहेस, सीट मी लावून देते.

तुमची,
मनू

ता. क. रंग पांढरा. लाल नाही मिळाला, आई, तीन महिने थांबा म्हणाले.