लोखंडाचं पोट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फोटो पाहून तू फोनवर विचारलंस, "समारंभात सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्रं, आणि तुझ्या हातात तो गंजका तुकडा कसला?" तेव्हा बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. आज रविवार आहे, सविस्तर लिहितो. तू बँकेत आयुष्य काढलंस, म्हणून जरा मुळापासून सांगावं लागेल.

आमच्याकडे आधी दीक्षांत समारंभ वगैरे काही नसायचं. निकाल लागला की पोरं कार्यालयाच्या खिडकीशी यायची, रजिस्टरात सही करून प्रमाणपत्र न्यायची, संपलं. २०२२ साली विश्वकर्मा जयंतीला देशभरातल्या आयटीआयमध्ये एकदम सोहळा झाला आणि तेव्हापासून आम्हीही मांडव घालायला लागलो. यंदा प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली. जोडारीच्या, म्हणजे फिटरच्या, पोरांशी दोन शब्द बोला म्हणाले. मी कागद लिहून नेलाच नाही. कपाटातला पत्र्याचा डबा नेला. त्यात या तुकडीने पहिल्या महिन्यात घासलेले जॉब होते, प्रत्येकावर हजेरी क्रमांक ठोकलेला. एरवी ते भंगारात जातात. या वेळचे मी मुद्दाम ठेवले होते, त्याचं कारण पुढे येईल.

पहिला जॉब म्हणजे काय, तर ७५ मिमी लांब, ५० रुंद आणि १२ जाड असा लोखंडी पट्टीचा तुकडा. तो कानशीने घासून ११ जाडीवर आणायचा आणि वरचा पृष्ठभाग सपाट करायचा. माझ्याकडे एक दशांश मिमी इकडे-तिकडे चालतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. नवीन पोरगं जोर लावून दोन दिवस घासतं, तळव्याला फोड आणतं, आणि मी त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, उभा धरून उजेडाकडे केला की मधे पातं टेकलेलं असतं आणि दोन्ही कडांशी उजेडाची फट दिसते. याला आम्ही 'पोट आलं' म्हणतो. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर मधे ११.३ आणि कडांना १०.८. म्हणजे मधलं अजून घासायचंय आणि कडा तर केव्हाच मापाखाली गेल्यात. कमी झालेलं लोखंड परत लावता येत नाही, तेव्हा तो जॉब गेला.

पोट का येतं, हे तुला लहानपणीच्या बागेतल्या सी-सॉवरून कळेल. कानस जॉबवर टेकलेली असते. सुरुवातीला तिचा बराचसा भाग मुठीकडे, आपल्या बाजूला असतो. तेव्हा उजव्या हाताने दाब दिला तर मूठ खाली जाते आणि जवळची कड खाल्ली जाते. कानस पुढे गेली की उलट होतं. टोक लांब जातं, आणि डाव्या हाताचा दाब तसाच राहिला तर पलीकडची कड जाते. म्हणून सुरुवातीला डावा हात जड ठेवायचा, मधे दोन्ही सारखे आणि शेवटी उजवा जड. परतताना दाब अजिबात नाही, नाहीतर दात बोथट होतात. हे फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतं. हातात उतरायला तीन आठवडे लागतात, आणि त्यात शेतावरची दणकट पोरं सगळ्यात मागे राहतात, कारण त्यांना जोर मागे घेणं जमत नाही. पहार चालवलेल्या हाताला 'आता हलकं धर' हे कळायला वेळ लागतो.

आता त्या तुकड्याकडे येतो. या तुकडीत एक मुलगी होती, चणीने लहान. तिचे सलग तीन जॉब गेले. मी प्रत्येक वेळी उजेडात पाहायचो, दोन्ही कडा बसलेल्या दिसायच्या, आणि सगळ्यांना सांगतो तेच सांगायचो, हात सांभाळ, दाब बदल. एकदा तर सगळ्यांदेखत बोललो, "डोकं घरी ठेवून येतेस का?" बोलल्यावर लगेच वाईट वाटलं, पण मास्तरकीत ते गिळायची सवय लागते.

चौथ्या जॉबच्या वेळी मी तिच्या मागून चाललो होतो. ती मधेच थांबली, जॉब पकडून ठेवणारा टेबलावरचा व्हाइस सैल केला, तुकडा उलट दिशेने फिरवला आणि पुन्हा आवळला. विचारलं तर रडवेली होऊन म्हणाली, "सर, माझी जवळचीच बाजू जाते. मग फिरवून दुसरी पण तेवढी करते, म्हणजे सारखी दिसते." तिला फिरवू न देता घासायला लावलं आणि मोजलं. जवळची कड १०.७, मधे ११.१, पलीकडे ११.३. हे पोट नव्हतंच रे, हा सरळ उतार होता. तिचं दुखणं वेगळं आणि मी आठ दिवस दुसऱ्याच रोगाचं औषध देत होतो.

उतार कशाने, ते मग एका नजरेत दिसलं. कोपर दुमडून उभं राहिलं की ते व्हाइसच्या जबड्याच्या पातळीत यायला हवं. तिचं चार बोटं खाली होतं. हात खालून वर ढकलला जायचा, मूठ खाली ओढली जायची आणि जवळची कड कापली जायची. आमची टेबलं सगळी एका उंचीची, वर्षानुवर्षं पुरुषांच्या मापाची. सुताराच्या वर्गातून फळ्या आणून तिच्या पायाखाली पाट ठोकला. पाचवा जॉब तिने तीन दिवसांत मापात आणला. कानशीची दिशा तिरपी बदलत जायची, नवे ओरखडे जिथे उमटतात तिथे उंचवटा, हेही तिला मग आपोआप दिसायला लागलं. आधी सांगितलं होतंच, पण उतारावर ते कामाचं नव्हतं.

म्हणून डबा ठेवला होता. त्या दिवशी माइकवर मी तिचा चौथा तुकडा हातात धरला आणि हे सगळं सांगितलं. टेबलाची उंची चुकीची होती, ते ओळखणं माझं काम होतं, आणि मी पोरीला बोललो, हेही तसंच सांगितलं. समोर पालक बसले होते, प्राचार्य जरा अस्वस्थ झाले. पोरांना म्हणालो, उद्या तुम्ही कंपनीत शिकाऊ म्हणून लागाल, दोन-चार वर्षांनी तुमच्या हाताखाली कोणी येईल. त्याचा जॉब बिघडला तर आधी त्याने काय केलं ते विचारा, तुकडा नंतर पाहा. आणि तो फिरवून लावत असेल तर त्याच्या पायाकडे बघा. यापलीकडे मला त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग एकेकाला प्रमाणपत्राबरोबर त्याचा तुकडा दिला. शेतावरचं एक पोरगं आपलं पोट बघून एवढं हसलं की विचारू नकोस. ती आली, तुकडा घेतला, खिशातून छोटा गुण्या काढला (हो, समारंभाला गुण्या घेऊन आलेली!) आणि मांडवाच्या फटीतल्या उन्हाकडे धरून पाहिला. म्हणाली, "सर, याला मधे पोट पण आहे हं थोडं. ते माझंच."

तो पाट अजून त्याच टेबलाखाली आहे. नव्या तुकडीतल्या दोघी आणि एक मुलगा त्यावर उभे राहतात. आणखी चार ठोकायचेत, फळ्यांसाठी अर्ज दिलाय. मिळाल्या नाहीत तर तुझ्या गोठ्यावरच्या जुन्या फळ्या घ्यायला येईन, दिवाळीत असशील ना गावी?

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मास्तर