नेपाळच्या छावण्यांतली 'अयोग्य' मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध थांबले की किती बंदुका जमा झाल्या याची बातमी येते. बंदूक खाली ठेवणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले हे मात्र क्वचितच छापून येते. म्हणून शेजारच्या नेपाळबद्दल लिहितो.

नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारानंतर तिथल्या माओवाद्यांनी शस्त्रे सरकारच्या हवाली केली नाहीत. सात मुख्य छावण्यांमध्ये ती कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली. किल्ली माओवाद्यांकडेच राहिली, पण पहाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक, कॅमेरे आणि भोंगा होता. नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रे तशाच देखरेखीखाली बंद केली. त्यामुळे 'आम्ही हरलो' असे कुणालाच म्हणावे लागले नाही. माझ्या मते शस्त्रे पुन्हा बाहेर न येण्यामागे हे मोठे कारण होते.

माणसांचे काम मात्र रखडले. 2007 अखेर पडताळणी झाली तेव्हा 19,602 जण लढवय्ये ठरले आणि 4,008 जण बाद झाले. त्यांतले 2,973 जण 25 मे 2006 ला अठरा वर्षांचे नव्हते, म्हणजे कायद्याने मुले होती. बाकीचे त्या तारखेनंतर भरती झालेले. या सगळ्यांना शब्द लावला गेला 'अयोग्य'. नेपाळीतही तो हाच शब्द, अर्थही हाच.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतले रात्रपाळीचे वॉचमन त्यांच्यातलेच एक. पंधराव्या वर्षी भरती झाले. पडताळणीत बाद ठरल्यावरही सुटका झाली ती थेट 2010 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. मुलांना रोख रक्कम देऊ नये, नाहीतर पैशासाठी आणखी मुले भरती केली जातील, ही भीती मला पटते. म्हणून त्यांच्यापुढे शाळा, धंदेशिक्षण, छोटा व्यवसाय असे पर्याय ठेवले गेले. पण तोवर ती मुले राहिली नव्हती, आणि गावाकडे परतायचे ते 'अयोग्य' हा शिक्का घेऊनच.

पात्र ठरलेल्यांना 2012 मध्ये स्वेच्छानिवृत्तीसाठी हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. साडेपंधरा हजारांहून अधिक जणांनी तोच मार्ग धरला. सैन्यात 6,500 जणांना घेण्याची तयारी असताना शेवटी गेले जेमतेम चौदाशे. एकाच छावणीत, एकाच ताटात जेवलेल्यांपैकी एकाच्या हाती धनादेश आणि दुसऱ्याच्या हाती प्रशिक्षणाचा कागद, हे माझ्या मनाला फार लागते.

आमच्या वॉचमननी मोटारदुरुस्ती निवडली. शिकलेही मनापासून. त्यांच्या डोंगरातल्या गावात तेव्हा मोटारीचा रस्ताच पोचला नव्हता. वर्षभरात ते ठाण्याला आले. परवा मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, बंदूक देताना कुणी वय विचारलं नाही. काढताना विचारलं."

आपला,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे (प.)