बीपीच्या गोळ्या आणि जुलाब-उलट्या : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता खानापूरच्या आपल्या नेहमीच्या जागी बीपी तपासणी आहे. येताना गोळ्यांची स्ट्रिप आणा, खाली दिलेल्या गोळ्या त्यात असतील तर त्यांच्या नावावर खूण करून देऊ.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्या एका काकांना दोन दिवस जुलाब झाले. पोटात पेजसुद्धा टिकत नव्हती, पण टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी त्यांनी नेमानं घेतली. तिसऱ्या सकाळी अंथरुणातून उठताच कोसळले. बीपी ८४/५०, आणि मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. अंगातलं पाणी संपलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाचा दाब आणखी उतरवते, म्हणून हे झालं.

वारंवार जुलाब-उलट्या, किंवा तापात खाणं-पिणं बंद झालं, तर डॉक्टरांना फोन करून या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा:

- नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असलेल्या (टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल)
- लघवीच्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड)

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडिन मात्र मनानं एकदम बंद करू नका, बीपी उसळतं. हृदय कमजोर असलेल्यांनी काहीही विचारल्याशिवाय थांबवू नये.

तापाला पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नकोच.

नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की गोळ्या पुन्हा चालू करा. हे विसरणारेही बरेच आहेत, तेव्हा थांबवलेली तारीख स्ट्रिपवरच लिहा.

लघवी फार कमी झाली, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.