चुकीच्या नंबरवर गेलेले पैसे आपोआप परत येत नाहीत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

यूपीआयने चुकीच्या नंबरवर गेलेले पैसे तक्रार करताच ४८ तासांत परत मिळतात, असे आपल्या कालच्या अंकात छापून आले आहे. बँकेच्या शाखेत अशाच तक्रारी हाताळून निवृत्त झालेल्या मला ते वाचून संताप आला, कारण उद्या हेच कात्रण हातात घेऊन लोक बँकेत जातील आणि रिकाम्या हाताने परततील.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातील मुदत फसलेल्या व्यवहारासाठी आहे. आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमाच झाली नाही, तर बँकेने ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपणहून परत करायची आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा तो नियम आहे. चुकीच्या नंबरवर गेलेला व्यवहार मात्र यंत्रणेच्या दृष्टीने पूर्ण झालेला असतो. आपण नंबर टाकतो, त्या नंबरला जोडलेले खाते शोधले जाते, आपण पिन टाकून मंजुरी देतो आणि काही सेकंदांत रक्कम त्या खात्यात जमा होते. ती एकदा जमा झाली की खातेदाराच्या संमतीशिवाय त्याची बँकही तिला सहसा हात लावत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचेच उदाहरण सांगतो. घराच्या रंगकामाचे ८,००० रुपये तिने रंगाऱ्याच्या जुन्या नंबरवर पाठवले. त्याने तो नंबर केव्हाच सोडला होता आणि कंपनीने तो दुसऱ्या कोणाला तरी दिला होता. तिच्या फोनमध्ये मात्र त्या नंबरावर रंगाऱ्याचेच नाव साठवलेले होते आणि अ‍ॅपनेही तेच मोठ्या अक्षरांत दाखवले. खातेदाराचे बँकेत नोंदलेले खरे नाव खाली बारीक अक्षरांत होते. पिन टाकण्याआधी वाचायचे ते हेच नाव, कारण पैसे त्या नावाच्या खात्यात जातात. आपण फोनमध्ये काय नाव लिहून ठेवले आहे याच्याशी यंत्रणेला काही देणेघेणे नाही. ते नाव बारीक अक्षरांत का दाखवले, याचे उत्तर अ‍ॅप चालवणाऱ्यांनी द्यायला हवे.

बहीण त्याच दिवशी आपल्या शाखेत गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने ‘हा बँकेचा विषय नाही, सायबर पोलिसांकडे जा’ असे सांगून तिला परत पाठवले. हे सर्वस्वी चूक होते. सायबर तक्रारींचा १९३० हा क्रमांक फसवणुकीसाठी आहे आणि इथे कोणी कोणाला फसवले नव्हते. तिने अ‍ॅपमधील त्या व्यवहारावर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, रक्कम आणि समोरचा नंबर लिहून शाखेत लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागून घेतली. मग तिच्या बँकेने समोरच्या बँकेला कळवले व त्या बँकेने आपल्या खातेदाराला विचारले. त्या गृहस्थांनी रक्कम जमा झाल्याचे पाहिले होते, पण बहिणीचा फोन त्यांनी उचलला नव्हता. ‘चुकून पैसे आले, परत पाठवा’ म्हणून गंडा घालणारे बरेच असतात, तेव्हा त्यांची भीती रास्तच होती. स्वतःच्या बँकेने विचारल्यावर त्यांनी लेखी संमती दिली आणि रक्कम परत आली. ज्यांना असे अनोळखी पैसे येतात त्यांनीही फोनवरून सांगितलेल्या भलत्या नंबरवर ते पाठवू नयेत, आपल्या बँकेमार्फतच परत करावेत.

बँक दाद देत नसेल, तर राष्ट्रीय देयके महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या संकेतस्थळावर यूपीआय तक्रारीचा अर्ज आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतील कसूर पाहतो, अनोळखी खातेदाराच्या खिशात हात घालत नाही. तो खातेदार नकारच देत असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७२ आहे. चुकीने मिळालेले पैसे परत करणे त्यानुसार बंधनकारक आहे, पण त्यासाठी वकिलाची नोटीस आणि दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते.

आपण त्या मजकुराच्या शेवटी ‘ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधा’ असाही सल्ला दिला आहे. तिथे भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक आढळतात आणि आधीच घाबरलेला माणूस त्यांना सगळी माहिती देऊन बसतो. क्रमांक अ‍ॅपमधूनच किंवा बँकेच्या पासबुकावरून घ्यावा. या दोन्ही बाबींची दुरुस्ती आपण त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली