सव्वाअठरा इंचांच्या खुर्चीबद्दल

आदरणीय सुतारदादा,

तुम्ही माझ्या आईसाठी केलेली खुर्ची घरात येऊन आज चार महिने झाले. त्या दिवशी तुमचे आभार मानायला शब्द सुचले नाहीत आणि तुम्हीही हत्यारे गोळा करून लगेच निघालात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. भंगारात निघालेल्या एका दाराच्या चौकटीतून तुम्ही काय घडवले आणि ते कसे घडवले, हे इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

आईचे गुडघे झिजले आहेत. बसलेली असताना तिला फारसा त्रास होत नसे, सगळे दुखणे उठताना होते. घरातली तिची नेहमीची खुर्ची सोळा इंच उंचीची होती. बैठक जितकी खाली, तितके गुडघे अधिक दुमडतात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावरच येतो, एवढी साधी गोष्ट समजायलाही मला वेळ लागला. आधी मी खुर्चीवर जाड गादी टाकली. ती आईच्या वजनाने खाली दबायची, त्यामुळे बैठकीची उंची वाढली नाहीच, उलट त्या मऊ खळग्यातून बाहेर पडणे तिला आणखी कठीण झाले. कोणीतरी खुर्चीच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितले. तो प्रयोग मी एका दिवसात बंद केला, कारण आई उठताना खुर्ची विटेवरून सरकलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

त्यानंतर मी दोन कारागिरांकडे गेले. पहिल्याने एवढ्याशा कामात वेळ घालवणे परवडत नाही असे सांगितले, आणि त्याच्या स्पष्टपणाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याने खुर्ची करून दिली. नवीन आणि पक्के लाकूड वापरतो असे त्याने मला सांगितले होते, पण प्रत्यक्षात तो लाकडाचा भुसा आणि ढलप्या गोंदात दाबून केलेला, वरून लाकडाचा नक्षीकागद चिकटवलेला तक्ता होता. त्याच्या कडेत स्क्रू फिरवून पाय आणि हात जोडलेले होते. अशा तक्त्याला सलग तंतू नसतात, त्यामुळे कडेत गेलेला स्क्रू सुरुवातीला घट्ट वाटतो, पण प्रत्येक वेळी भार पडला की त्याच्याभोवतीचा भुसा थोडा थोडा सुटतो, आणि एकदा सुटला की तोच स्क्रू पुन्हा कितीही आवळला तरी धरत नाही. दोन महिन्यांत उजवा हात आईच्या तळव्याखालीच निखळला. ती पडली नाही हे आमचे नशीब. तक्रार घेऊन गेले तेव्हा त्याने आईच्या वजनाबद्दल विचारले. तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही घरी आलात तेव्हा त्या खुर्चीकडे एकदा पाहिलेत आणि काहीच बोलला नाहीत. मी तुम्हाला उंची सांगू लागले, कारण मी आधीच ठरवून ठेवले होते की वीस इंच पुरेल. तुम्ही माझे म्हणणे ऐकून घेतलेत आणि मग आईकडे वळून विचारलेत, “मावशी, घरात चप्पल घालता की अनवाणी असता?” त्याआधी आलेले सगळेजण आईविषयी माझ्याशी बोलत होते. आईशी बोलणारे तुम्ही पहिलेच होतात.

पुढचा अर्धा तास मला आयुष्यभर आठवेल. पिशवीतून तुम्ही कामातून उरलेल्या फळ्यांचे पाच-सहा तुकडे काढलेत, प्रत्येक पाऊण इंच जाडीचा. जुन्या सोळा इंची खुर्चीच्या बैठकीवर एक तुकडा ठेवून आईला घरातली चप्पल घालून बसायला आणि उठायला सांगितलेत. मग दुसरा तुकडा ठेवलात, मग तिसरा. तिसऱ्या तुकड्यावर ती हातांचा थोडासाच आधार घेऊन उठली. चौथ्यावर ती आणखी सहज उठली, म्हणून मी आनंदाने म्हटले की हीच उंची ठेवा. तेव्हा तुम्ही खाली वाकून तिच्या टाचांकडे बोट दाखवलेत. बसलेली असताना टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. अशा उंचीवर मांडीच्या मागच्या बाजूला बैठकीची कड रुतते आणि पाय बधिर होतात, आणि टाच टेकलेली नसेल तर उठताना पाऊल घसरू शकते, हे तुम्ही आम्हा दोघींना समजेल अशा शब्दांत सांगितलेत. चौथा तुकडा काढलात, भिंतीवर पेन्सिलने सव्वाअठरा इंचांची खूण केलीत. या सगळ्या वेळात आई सहा-सात वेळा उठली आणि बसली. प्रत्येक वेळी तुम्ही तिच्या बाजूला हात तयार ठेवून उभे होतात, पण तिने स्वतः आधार मागेपर्यंत एकदाही तिला धरले नाहीत. “घाई नाही, मावशी,” एवढेच म्हणत राहिलात. माझे खरे आभार त्या अर्ध्या तासासाठी आहेत. खुर्ची नंतर आली.

लाकूड तुमच्याकडे आधीच होते. पाडलेल्या घरातून आलेली सागवानी चौकट तुमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात उभी होती. मी ती पाहून मनातून खट्टू झाले होते, हे आता कबूल करते. एका उभ्या लाकडाचा खालचा भाग वर्षानुवर्षे पाणी लागून कुजलेला होता, एका कडेला बिजागरीच्या खाचा होत्या आणि जागोजागी काळे ठिपके होते. त्या ठिपक्यांचा अर्थ तुम्हीच मला सांगितलात. लोखंडी खिळ्याचे डोके तुटून आत राहिले की त्याच्याभोवती लाकूड काळे पडते, आणि तो खिळा रंध्याच्या पात्याखाली किंवा करवतीत आला तर दात जातात आणि उडालेला तुकडा माणसाच्या डोळ्यालाही लागू शकतो. तुम्ही आधी लोहचुंबक फिरवलात. तेवढ्यावर न थांबता बिजागरीच्या जागा टोच्याने एकेक तपासल्यात, कारण तिथे पितळी स्क्रू असतात आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. शिवाय जुन्या रंगाचे जाड थर असलेले काही तुकडे तुम्ही सरळ बाजूला काढलेत. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि तो घासला की त्याची धूळ श्वासात जाते, म्हणून ते लाकूड कितीही चांगले दिसले तरी घरातल्या वस्तूला घ्यायचे नाही, असे तुम्ही म्हणालात. टाकाऊतून काहीतरी करणाऱ्याला काय टाकून द्यायचे हेही कळावे लागते, हे मला त्या दिवशी समजले.

कुजलेला भाग कापल्यावर सात फुटांपैकी पावणेसहा फूट निरोगी लाकूड उरले. चार इंच रुंद आणि अडीच इंच जाड असे ते उभे लाकूड तुम्ही लांबीतून मधोमध चिरलेत. प्रत्येक अर्ध्यातून चाळीस इंचांचा एक मागचा पाय आणि सत्तावीस इंचांचा एक पुढचा पाय निघाला. म्हणजे चारही पाय एकाच लाकडातून आले आणि एकाही पायाला मध्ये जोड द्यावा लागला नाही. मी तेव्हा विचारले होते की मागचे पाय दुकानातल्या खुर्च्यांसारखे मागे कललेले का करत नाही. सरळ लाकडातून वाकडा पाय कापला तर तंतू वाकणाच्या जागी आडवे तुटतात आणि पाय नेमका तिथेच मोडतो, हे तुमचे उत्तर होते. पाय सरळ ठेवून तुम्ही पाठीची खालची आडवी पट्टी पायाच्या पुढच्या बाजूला आणि वरची पट्टी मागच्या बाजूला बसवलीत, एवढ्यानेच आईच्या पाठीला पुरेसा कल मिळाला. लाकडाच्या मर्यादेतूनच मार्ग काढण्याची ही पद्धत पाहताना मला फार समाधान वाटले.

सांध्यांबद्दल मला थोडेच लिहिता येईल, पण जे पाहिले ते लिहिते. आडव्या लाकडाच्या टोकाला कोरलेले, पायाच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीचे कुसू, त्याला नेमकी बसणारी पायातली खाच, गोंद, आणि आरपार लाकडी खुंटी. कुसू हाताने दाबून जाते पण खुर्ची उचलली तरी आपोआप निसटत नाही, इतके घट्ट हवे, हे तुम्ही तुमच्या मुलाला समजावत होतात. सागवानात तेल असते, म्हणून कुसू ज्या दिवशी कोरले त्याच दिवशी गोंद लावायचा, नाहीतर पृष्ठभागावर तेल येऊन गोंद नीट धरत नाही, हेही मी तिथेच ऐकले. खुर्ची रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलीत आणि मी घाई करत असतानाही दुसऱ्या दिवशीच सोडलीत.

बैठकीच्या पट्ट्या जुन्या खिडकीच्या झडपेतून आल्या आहेत. त्यातल्या दोन इतरांपेक्षा फिक्या आहेत. दोन पट्ट्यांमध्ये तुम्ही मुद्दाम फट ठेवलीत, कारण दमट हवेत लाकूड रुंदीतून फुगते आणि जागा नसेल तर पट्ट्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. हात पुढच्या पायांच्या वर थेट टेकवलेत, म्हणजे उठताना तळव्याचा दाब सरळ जमिनीत उतरतो. आधीच्या खुर्चीचा हात कडेला अधांतरी लटकत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

उजव्या हाताच्या पुढच्या टोकाला बिजागरीच्या स्क्रूचे एक जुने भोक होते. तुम्ही त्यात सागाचीच बारीक खुंटी ठोकून गुळगुळीत केलीत. आईचा अंगठा उठताना बरोबर त्या गोल ठिपक्यावर येतो. तिची नजर आता कमी झाली आहे, त्यामुळे हात कुठे ठेवायचा हे तिला त्या ठिपक्यावरून कळते. तुम्ही ते त्यासाठी ठेवले नव्हते, तरी तुम्हाला हे कळायला हवे.

अखेरची एक गोष्ट. खुर्ची घरी आणून ठेवलीत तेव्हा मी मोजपट्टी लावली आणि उंची साडेअठरा इंच भरली. मला वाटले, चूक झाली. तुम्ही म्हणालात, “पाव इंच मुद्दाम जास्त ठेवलाय. मावशींना महिनाभर बसू द्या, टाच नीट टेकत नसेल तर मी येऊन पाय कापून देईन. लाकूड कापता येतं, जोडता येत नाही.” महिन्याने तुम्ही न बोलावता आलात. आईला बसायला लावलेत, जमिनीवर गुडघे टेकून तिच्या टाचा पाहिल्यात आणि चारही पाय पाव इंचाने कापलेत. मग सपाट फरशीवर खुर्ची ठेवून ती कुठे डुगडुगत नाही ना, हे चारही कोपरे दाबून पाहिलेत. कापलेल्या त्या चार चकत्या आईने मागून घेतल्या. त्या तिच्या उशाशी, औषधांच्या डब्यात आहेत.

तुमची कृतज्ञ,
त्या खुर्चीवर बसणाऱ्या मावशींची मुलगी