पिन एकदाच, पैसे दरमहा

वडिलांच्या खात्यातून गेल्या महिन्यात 499 रुपये गेले. ‘मी पिन टाकलाच नाही,’ असं ते ठामपणे सांगत होते आणि ते खरंच होतं. पिन टाकला होता आठवडाभर आधी, एका अ‍ॅपच्या 2 रुपयांच्या चाचणी सभासदत्वासाठी. एरवी यूपीआयवर पिन टाकला की तेवढेच पैसे जातात आणि विषय संपतो. इथे मात्र त्या 2 रुपयांसोबत ऑटोपेची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची मंजुरीही गेली होती. त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरांत ‘कमाल 999 रुपये, दरमहा’ असं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्ड असो वा यूपीआय, अशा मंजुरीनंतर 15,000 रुपयांपर्यंतचा हप्ता पुन्हा पिन किंवा ओटीपी न मागता कापता येतो. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा 1 लाख आहे. म्हणूनच पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे आणि तेव्हाच नकारही देता येतो. वडिलांना ती सूचना आली होती, पण इंग्रजीत. त्यांना ती जाहिरात वाटली. ही सूचना बँकांनी मराठीत पाठवावी, ही कळकळीची विनंती.

आणि हो, अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तरी मंजुरी कायम राहते. ती यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन रद्द करता येते.

– एक वाचक, सातारा